नव्या खात्यात पहिली मोठी रक्कम पाठवताना कूलिंग पिरियड कुठे आडवा येतो

शनिवारी रात्री साडेआठला धाकट्या बहिणीच्या नवऱ्याचा फोन आला. "दादा, खात्यात पैसे आहेत, नेट चालू आहे, तरी पैसे जात नाहीयेत. उद्या अकराला किल्ली घ्यायचीये." कोथरूडमधला फ्लॅट भाड्याने ठरला होता. डिपॉझिट एक लाख ऐंशी हजार. घरमालकांनी बजावून ठेवलं होतं की पूर्ण रक्कम खात्यात दिसली की किल्ली हातात.

त्यानं पावणेआठच्या सुमारास बँकेच्या ॲपवर घरमालकांचं खातं बेनिफिशरी म्हणून टाकलं होतं. अर्ध्या तासानं ते सुरू झालं, लगेच एक लाख ऐंशी हजार टाकले आणि ॲपनं नकार दिला. मग त्यानं आपण सगळेच करतो ते केलं. खातं चुकीचं भरलं असेल अशा शंकेनं बेनिफिशरी पुसून टाकला आणि आठ अठराला नव्यानं भरला. तिथंच त्यानं स्वतःचं घड्याळ पुन्हा शून्यावर आणून ठेवलं.

मी एका सहकारी बँकेत नोकरीला आहे आणि नातेवाइकांचे असे फोन मला महिन्याला दोन-तीन येतात. बहुतेकांची समजूत अशी की "लिमिट" ही एकच गोष्ट असते. प्रत्यक्षात एकमेकांशी संबंध नसलेल्या निदान तीन मर्यादा एकाच वेळी लागू असतात, आणि आपण अडकलोय त्यातल्या नेमक्या कोणत्या मर्यादेत, हे कळलं की अर्धं काम झालं.

तीन घड्याळं

पहिलं घड्याळ समोरच्या खात्याचं. तुम्ही नवीन बेनिफिशरी टाकला की बँक त्याला काही काळ "नवखा" मानते, हाच कूलिंग पिरियड. आधी थोडा वेळ पैसे अजिबात जात नाहीत, मग काही काळ थोडेच जातात. एचडीएफसी बँकेत नवा बेनिफिशरी सुरू व्हायला अर्धा तास लागतो आणि पहिल्या चोवीस तासांत त्याला एकूण 50,000 रुपयेच पाठवता येतात, मग ते एकदम पाठवा की तुकड्यांनी. दुसऱ्या बँकेत हाच काळ चार दिवसांचाही असू शकतो आणि रक्कम काही लाखांतही. त्यामुळे शेजाऱ्यानं सांगितलेला आकडा धरून चालू नका. बेनिफिशरी टाकल्यावर येणारा एसएमएस आणि ॲपवरची शेवटची सूचना, या दोन ठिकाणी तुमच्या बँकेचा आकडा लिहिलेला असतो. आपण तो न वाचता "ठीक आहे" दाबतो.

दुसरं घड्याळ तुमचं स्वतःचं, म्हणजे तुमच्या फोनचं. यूपीआय नव्यानं सुरू केलं, फोन बदलला, सिम बदललं, की पहिले चोवीस तास एकूण 5,000 रुपयांचीच मुभा मिळते. आयफोनवर काही बँका हा काळ बहात्तर तासांचा धरतात, आणि काही ठिकाणी पिन बदलल्यावरही ही अट लागते. हे घड्याळ चालू असेल तर समोरचा माणूस नवा असो की दहा वर्षांचा ओळखीचा दूधवाला, काही फरक पडत नाही.

तिसरी मर्यादा रोजची. यूपीआयवर एका माणसाकडून दुसऱ्याला दिवसाला एक लाख रुपये, आणि काही बँका त्याहूनही कमी ठेवतात. हा खरं तर कूलिंग पिरियड नव्हे, पण अडलेल्या माणसाला तो तसाच वाटतो. त्यातच बँकेच्या ॲपवर आयएमपीएस किंवा एनईएफटीची तुमची स्वतःची मर्यादा वेगळी असते, जी तुम्हीच पूर्वी कधीतरी कमी करून ठेवलेली असते. ती वाढवायला गेलात तर अनेक बँकांत वाढ चोवीस तासांनी लागू होते. कमी केलेली मात्र तत्काळ लागू होते. त्यात शहाणपण आहे, पण घाईच्या वेळी ते गोड लागत नाही.

अडलं नेमकं कुठे, हे कसं ओळखायचं

ॲपवर "व्यवहार होऊ शकला नाही" एवढंच येतं आणि माणूस पुन्हा पुन्हा बटण दाबत बसतो. तसं करू नका. एक तर चुकून एखादा तुकडा जाऊन बसतो, आणि दुसरं म्हणजे वारंवार अयशस्वी प्रयत्न दिसले की बँकेची जोखमीची यंत्रणा तुमच्याकडे संशयानं पाहू लागते.

आधी व्यवहारांच्या इतिहासात जाऊन अयशस्वी नोंद उघडा. काही यूपीआय ॲपवर तिथं खाली एक छोटा कोड दिसतो. Z8 दिसला तर तुमच्या बँकेनं ठरवलेली एका व्यवहाराची कमाल रक्कम ओलांडली आहे. Z7 म्हणजे ठरलेल्या काळात व्यवहारांची संख्या जास्त झाली. U16 दिसला तर यंत्रणेच्या जोखमीच्या उंबऱ्यावर व्यवहार अडला आहे. Z9 असेल तर बाकी काही नाही, खात्यात शिल्लक पुरेशी नाही. कोड दिसत नसेल तर रकमेवरून अंदाज घ्या. पाच हजार जातात आणि सहा हजार जात नाहीत, तर तुमच्या फोनचं घड्याळ चालू आहे. दुसऱ्या कुणाला चाळीस हजार जातात पण याच एका माणसाला अडतात, तर घड्याळ समोरच्या खात्याचं. दोन्ही ठिकाणी थोडेथोडे जातात आणि लाखाच्या आसपास येऊन थांबतात, तर ती रोजची मर्यादा.

मेहुण्यानं मला विचारलं, "बँकेचा सर्व्हर डाउन असेल का?" असंही होऊ शकतं, पण मग लहान रक्कमही अडली असती. म्हणून पहिला प्रश्न मी नेहमी हाच विचारतो: "एक रुपया जातोय का?"

त्या रात्री आम्ही केलं काय

आठ अठ्ठेचाळीसला नवा बेनिफिशरी सुरू झाला. आठ पंचावन्नला मेहुण्यानं मी सांगितल्याप्रमाणे एक रुपया आयएमपीएसनं पाठवला आणि घरमालकांना फोन करून विचारलं, "काका, एक रुपया आला का? कुणाच्या नावानं दिसतोय?" त्यांनी नाव वाचून दाखवलं. ते बरोबर होतं. एवढ्या रकमेच्या व्यवहारात मी ही पायरी कधीच गाळत नाही, कारण खाते क्रमांकातला एक अंक चुकला तरी बँक खाते क्रमांकच बघते, बेनिफिशरीच्या रकान्यात आपण लिहिलेलं नाव बघेलच असं नाही. आता आरटीजीएस आणि एनईएफटीसाठी समोरच्या खातेदाराचं नाव पाठवणाऱ्याला आधी दाखवण्याची सोय रिझर्व्ह बँकेनं 1 एप्रिल 2025 पर्यंत द्यायला सांगितली होती, त्यामुळे ॲपवर नाव दिसत असेल तर ते वाचाच. फोनवरची खात्री तरीही करा, कारण नाव बरोबर असलं तरी ते तुम्हाला हवं असलेल्या माणसाचंच आहे हे ॲपला कुठून कळणार?

एक रुपया गेला. त्यानं लगेच पन्नास हजार टाकले आणि नकार आला. इथं त्याचा धीर सुटला. "आता हेही बंद?" बंद नव्हतं. पहिल्या चोवीस तासांच्या पन्नास हजारांत तो एक रुपयाही मोजला गेला होता. मग त्यानं 49,999 पाठवले आणि ते गेले. ही चूक फार जण करतात, म्हणून चाचणीचा रुपया मर्यादेतून वजा करायची सवय ठेवा.

उरले 1,30,000. मग यूपीआय. घरमालकांचा यूपीआय आयडी घेऊन थेट त्यावर पैसे पाठवले तर बँकेच्या ॲपवरच्या बेनिफिशरी यादीचा प्रश्न येत नाही. ते दार वेगळं आहे आणि त्याचं कुलूपही वेगळं. पण त्याच्या बँकेत तेव्हा रोजची मर्यादा एक लाख होती आणि दुपारी त्यानं भाजी आणि किराण्याचे 640 रुपये यूपीआयनंच दिले होते. लाख गेले नाहीत. 99,360 गेले. मला हसू आलं, त्याला मात्र नाही. जमा झाले 1,49,360, बाकी 30,640.

मग बहिणीच्या फोनवरून बाकीचे पाठवायचं ठरलं. तिनं आदल्या रात्री नवा फोन घेतला होता आणि यूपीआय त्यावर त्याच दिवशी सुरू केलं होतं. साहजिकच पाच हजारांच्या पुढे तिचं ॲप जाईना. म्हणजे एकाच घरात, एकाच संध्याकाळी, नवऱ्याला समोरच्या खात्याचं घड्याळ आडवं आलं आणि बायकोला स्वतःच्या फोनचं. आम्ही तिथं थांबलो. मेहुण्याची बँक यूपीआयचा दिवस मध्यरात्री ते मध्यरात्र मोजते. काही बँका मागचे चोवीस तास मोजतात, त्यामुळे हे आपापल्या बँकेत तपासून घ्यावं. रविवारी सकाळी नऊ वाजता उरलेले 30,640 यूपीआयनं सुखरूप पोहोचले. अकराला किल्ली मिळाली.

तुकड्यांनी पैसे पाठवले की आणखी एक काम वाढतं. प्रत्येक तुकड्याचा यूटीआर, म्हणजे त्या व्यवहाराचा ओळख क्रमांक, वेगळा असतो. भाडेकराराच्या मसुद्यात डिपॉझिट कोणत्या तारखेला आणि कोणत्या क्रमांकानं दिलं याची नोंद करतात, तेव्हा तिथं सगळे तुकडे यायला हवेत. नाही तर वर्षादीड वर्षानं जागा सोडताना एक तुकडा "मिळालाच नाही" असं ऐकायची वेळ येऊ शकते. आम्ही घरमालकांकडून व्हॉट्सॲपवर सगळ्या रकमांची एकत्र पोच घेतली आणि करारात एकूण रकमेखाली प्रत्येक क्रमांक लिहिला.

तीन-चार दिवस हातात असतील तर

वर सांगितलं ते सगळं आयत्या वेळची धावपळ आहे. व्यवहार ठरल्या दिवशीच सुरुवात केली असती तर यातलं काहीच करावं लागलं नसतं. शनिवारी रक्कम द्यायची असेल तर मी सोमवारी किंवा मंगळवारी पुढच्या क्रमानं लागतो.

पहिल्यांदा समोरच्याकडून रद्द केलेल्या धनादेशाचा किंवा पासबुकच्या पहिल्या पानाचा फोटो मागवतो. खाते क्रमांक आणि आयएफएससी फोनवर ऐकून लिहीत नाही. "पाच" आणि "पन्नास" यांचा घोळ फोनवर होतो, फोटोत होत नाही. मग बँकेच्या ॲपवर बेनिफिशरी टाकतो, आलेला एसएमएस ठेवून देतो आणि त्यात लिहिलेली वेळ बघतो. काही बँका काळ बेनिफिशरी टाकल्यापासून मोजतात, काही तो सुरू झाल्यापासून. शंका असेल तर उशिराची वेळ धरावी, म्हणजे फसगत होत नाही.

त्याच दिवशी एक रुपया पाठवून नावाची खात्री करून घेतो. अनेकांना वाटतं की पहिला रुपया पाठवल्यावर घड्याळ सुरू होतं. माझ्या पाहण्यातल्या बँकांत ते बेनिफिशरीची नोंद झाल्यापासूनच चालतं. रुपया फक्त नावासाठी.

त्यानंतर बेनिफिशरीला हात लावत नाही. नाव नीट करायचं, टोपणनाव टाकायचं, आयएफएससी बदलायचा, असं काही मनात आलं तरी थांबतो, कारण बदलानंतर बहुतेक ठिकाणी तो पुन्हा नवा समजला जातो. पुसून पुन्हा टाकणं तर सर्वांत महाग पडतं, हे मेहुण्यानं दाखवून दिलंच.

आणि त्या आठवड्यात फोन, सिम किंवा यूपीआयचा पिन यांपैकी काही बदलायचं असेल तर ते मोठ्या रकमेनंतर. गंमत अशी की लोक मोठा व्यवहार आहे म्हणून आदल्याच दिवशी पिन बदलून "सुरक्षित" होतात आणि मग दुसऱ्या दिवशी पाच हजारांवर अडकतात.

बँकेच्या ॲपवरची तुमची स्वतःची रोजची मर्यादा रकमेपेक्षा कमी असेल तर ती दोन दिवस आधी वाढवा आणि काम झालं की पुन्हा खाली आणा.

शाखेचा रस्ताही आहे. कामाच्या दिवशी शाखेत जाऊन फॉर्म भरून एनईएफटी केलं तर ॲपच्या या मर्यादा सहसा लागत नाहीत, कारण तिथं तुमची सही आणि तुम्ही स्वतः असता. आरटीजीएसचा पर्याय एक लाख ऐंशी हजाराला नव्हता, कारण त्याची किमान रक्कमच दोन लाख आहे. फक्त दुसरा आणि चौथा शनिवार बँका बंद असतात, हे लक्षात ठेवून दिवस निवडा. एनईएफटी 16 डिसेंबर 2019 पासून आणि आरटीजीएस 14 डिसेंबर 2020 पासून ॲपवर रात्रंदिवस चालतं, पण शाखेचं कुलूप रात्री उघडत नाही.

हे घड्याळ आहे कशासाठी

आपल्याला त्रास होतो तेव्हा बँक आपल्यावरच संशय घेतेय असं वाटतं. प्रत्यक्षात संशय तुमच्या खात्यात तुमच्या नावानं घुसलेल्या माणसावर असतो. चोराला पासवर्ड मिळाला तर तो काय करणार? स्वतःचं खातं बेनिफिशरी म्हणून टाकणार आणि शिल्लक उचलणार. अर्धा तास त्याला काही करता येत नाही, आणि नंतर चोवीस तास त्याच्या हाती पन्नास हजारच लागतात. त्या अर्ध्या तासात तुमच्या फोनवर "नवीन बेनिफिशरी नोंदवला" असा एसएमएस येतो. रिझर्व्ह बँकेनं 28 फेब्रुवारी 2013 च्या परिपत्रकात बँकांना सांगितलं होतं की बेनिफिशरी नोंदवल्याची सूचना ग्राहकाला मिळावी आणि दिवसाला किती नवे बेनिफिशरी टाकता येतील यावर मर्यादा असावी. म्हणजे तो एसएमएस हे या सगळ्या व्यवस्थेचं हृदय आहे, आणि आपण तो जाहिरातींच्या ढिगाऱ्यात हरवू देतो.

तुम्ही काहीही न टाकता असा एसएमएस आला तर त्यातल्या लिंकवर नका जाऊ. बँकेचा क्रमांक डेबिट कार्डाच्या मागे छापलेला असतो, तिथं फोन करून नेट बँकिंग बंद करायला सांगा. पैसे गेलेच असतील तर 1930 वर लगेच कळवा आणि cybercrime.gov.in वर तक्रार नोंदवा. पैसे पुढच्या खात्यातून काढले जाण्याआधी अडवता यावेत, यासाठी पहिल्या तासाला सगळ्यात जास्त किंमत असते.

मात्र या व्यवस्थेला एक भोक आहे आणि ते फसवणारे जाणतात. घड्याळ फक्त पासवर्ड चोरणाऱ्याला अडवतं. तुम्ही स्वतःच, घाबरून किंवा लोभापायी, स्वतःच्या बोटांनी पैसे पाठवत असाल तर ते तुम्हाला फक्त उशीर करून देतं. "डिजिटल अटक" करणारे व्हिडिओ कॉलवर माणसाला रात्रभर बसवून ठेवतात, आज बेनिफिशरी टाकायला लावतात आणि उद्या सकाळी मर्यादा उठल्यावर रक्कम काढतात. किंवा शाखेत पाठवून फॉर्म भरायला लावतात आणि "कॅशियरनं विचारलं तर मुलीच्या लग्नासाठी असं सांगा" असं पढवतात. कूलिंग पिरियड कसा ओलांडायचा हे एखादा अनोळखी माणूस तुम्हाला समजावून सांगत असेल, अनेक खात्यांत तुकडे करून पाठवायला सांगत असेल, तर व्यवहार तिथंच सोडा. मेहुण्याचे तुकडे आणि या तुकड्यांमधला फरक एवढाच की मेहुण्याचे तिन्ही तुकडे एकाच माणसाच्या खात्यात जात होते आणि त्या माणसाचं घर त्यानं स्वतः बघितलं होतं.

दोन महिन्यांनी त्याला घरमालकांच्या क्रमांकावरून एक संदेश आला: "माझं खातं बदललं आहे, पुढचं भाडं या नव्या खात्यावर टाका." जुन्या बेनिफिशरीचं घड्याळ केव्हाच संपलं होतं, आणि नव्या खात्याचं घड्याळही इथं कामाला आलं नसतं. नवीन खातं टाकलं असतं तर पन्नास हजारांच्या आतलं भाडं अर्ध्या तासानंतर विनाअडथळा गेलं असतं. त्यानं आधी मला फोन केला आणि मी त्याला सांगितलं की संदेशाला उत्तर देऊ नकोस, काकांना त्यांच्या आवाजात विचार. काकांनी खरोखरच बँक बदलली होती. तरीही त्यानं नव्या खात्यात आधी एक रुपयाच पाठवला.